गच्चीची गळती: पीयू, कोबा की पत्रा? मिर्गाआधी काय उरकायचं (फोंडा)

शलाका_ढवळी · १० मार्च

नमस्कार मंडळी. फोंड्याला ढवळीत आमचं खाली-वर दोन मजली घर आहे, २००३ साली सासऱ्यांनी बांधलेलं. वर सपाट गच्ची, साधारण नऊशे चौरस फूट, आणि त्यावर तेव्हाचाच विटांचा कोबा. गेली तीन-चार वर्षं चवथीला पाहुणे येतात तेव्हा वरच्या खोलीत बादली मांडलेली असते, आता मात्र यंदा काहीतरी करूनच टाकायचं असं घरात ठरलंय.

तिघांना बोलावून दर घेतले. पहिला म्हणतो अख्ख्या गच्चीला पीयू कोटिंग, दोन हात, चौरस फुटाला ११५ रुपये, दहा वर्षांची वॉरंटी, चार दिवसांत काम खलास. दुसरा म्हणतो कडेचा कोबा फोडून कठड्याच्या बुडाशी गोलाईचा वाटा नवीन काढतो, मग सिमेंट-पॉलिमरचं टू-कॉम्पोनंट कोटिंग जाळीसकट, वरून पातळ कोबा, १४० रुपये, वॉरंटी पाच वर्षं आणि तीन आठवडे लागतील. तिसरा पांढरं अ‍ॅक्रिलिक, ४५ रुपये, म्हणे "वहिनी, तीन वर्षं बघायला नको". सासऱ्यांचं मत वेगळंच, पत्रा घाला आणि विषय संपवा.

कोणाचं ऐकू? आणि मिर्गाआधी यातलं काय नीट होईल? जाणकारांनी सांगा.

रोहन_पर्वरी · १० मार्च

डोळे मिटून पीयू. कोबा वगैरे आता कोण करतं? पीयू रबरासारखं ताणतं, स्लॅबला भेग पडली तरी फाटत नाही, आमच्या ऑफिसच्या गच्चीवर मारलंय, तीन पावसाळे झाले एक थेंब नाही. फक्त मारायच्या आधी दोन दिवस ऊन मिळालं पाहिजे, गच्ची वाळली की झालं.

ढाळ_मास्तर · ११ मार्च

शलाकाताई, दर नंतर बघू. तीन कॉन्ट्रॅक्टर आले, तिघांनी तीन औषधं सांगितली, पण पाणी आत कुठून शिरतंय हे एकानेही बघितलेलं दिसत नाही. मी बत्तीस वर्षं साईटवर काढली, आता रिटायर्ड आहे, तर फुकटात चार प्रश्न विचारतो.

गळतं नेमकं कुठे कुठे? पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने ओल दिसते, आणि मुख्य म्हणजे पाऊस थांबल्यावर किती वेळ ठिबकत राहतं? वारा पश्चिमेचा असला की जास्त होतं का? गच्चीवर पाण्याची टाकी, डिश, सोलर, कॉलमच्या वर राहिलेल्या सळ्या, असं काय काय आहे? पाणी बाहेर जायच्या पाईपच्या तोंडापाशी डबकं राहतं का?

सुदेश_मांद्रे · ११ मार्च

सासरे बरोबर बोलतायत. आम्ही पत्रा घातला २०१९ ला, गच्ची कोरडी, वर कपडे वाळतात, पापड वाळतात, मुलांचे वाढदिवस पण तिथेच. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. पंचायतीची परवानगी आधी घ्या, आमच्या शेजाऱ्याला नोटीस आली होती. आणि समुद्राजवळ असाल तर बोल्ट स्टेनलेसचे घ्या नाहीतर तीन वर्षांत गंजून पत्र्यावर लाल ओघळ. हां, आणि पाऊस जोरात असला की खाली टीव्ही ऐकू येत नाही :D

खरं सांगायचं तर एका खांबाखाली आता ओल दिसतेय. खांबाची प्लेट कोब्यात ड्रिल करून बसवली होती, तिथूनच असणार.

ग्लेन_भाऊ · ११ मार्च

माझा पण प्रश्न इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. पर्वरीला टॉप फ्लोअरचा फ्लॅट, ताबा मिळून तीन वर्षं झाली, बेडरूमचं छत ओलं. बिल्डर म्हणतो गच्ची आता सोसायटीची, सोसायटी म्हणते बिल्डरला विचार. कुठलं कोटिंग मारू?

नमिता_र · ११ मार्च

ग्लेन, तुम्ही काहीच मारू नका! रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा दोष लेखी कळवला तर बिल्डरने तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं. प्रोजेक्ट रेराला नोंदलेला आहे का बघा आणि आधी पत्र द्या, फोनवर बोलत बसू नका. स्वतः कोटिंग मारलंत तर उद्या तो म्हणेल तुमच्याच माणसाने बिघडवलं.

शलाका, तुझ्याकडे त्या दहा वर्षांच्या वॉरंटीचा कागद आहे का? असेल तर इथे टाईप कर, नाव काढून. मला वाचायचाय.

शलाका_ढवळी · १२ मार्च

मास्तर, काल बसून नवऱ्याबरोबर आठवून आठवून लिहिलं, जुलैचे मोबाईलमधले फोटो पण काढले.

तीन जागा आहेत. एक, पश्चिमेची बेडरूम, छत आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात लांब पट्टा. पाऊस लागून दोन-तीन तासांनी ओल यायला सुरुवात, आणि पाऊस उघडला तरी दोन दिवस ठिबकत राहतं. पांढरा लोणा पण येतो. दोन, जिन्याच्या बाजूचा कोपरा, तिथे फक्त जुलैच्या मध्यावर, आठ-दहा दिवस सतत लागला की तपकिरी डाग. आणि तीन, हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीच्या वर. इथे गंमत अशी की वारा-पाऊस आला की पंधरा मिनिटांत ओघळ, आणि थांबला की तासाभरात बंद.

गच्चीवर टाकी आहे विटांच्या दोन ओट्यांवर. जिन्याच्या बाजूला दोन कॉलमच्या सळ्या वर आल्यात, पुढे मजला चढवू म्हणून ठेवलेल्या, वीस वर्षं तशाच. पाणी जायचे दोन पाईप, त्यातल्या पश्चिमेच्या पाईपापाशी डबकं राहतं, शेवाळ धरतं.

ढाळ_मास्तर · १२ मार्च

झकास लिहिलंत. अर्धं निदान यातच झालं.

पहिल्या जागी पाऊस थांबला तरी दोन दिवस ठिबकतं, म्हणजे पाणी आधी कोब्यात साठतं. तुमचा चार इंची कोबा पोटात पाणी धरून ठेवतो आणि ते सावकाश खाली सोडतो. शिरतं बहुधा कठड्याच्या वाट्यातून किंवा त्या डबक्यातून. दुसऱ्या जागी सतत पाऊस लागल्यावरच डाग आणि तोही तपकिरी, म्हणजे गंज. सळी गंजली की फुगते, भोवतीचं काँक्रीट फोडते आणि पाणी सळीच्या अंगाने खाली उतरतं. गोव्यात दर चौथ्या घरावर या सळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात, वरचा मजला काही होत नाही.

तिसरी जागा माझ्या मते गच्चीची नव्हेच. पंधरा मिनिटांत सुरू आणि तासात बंद, तेही वाऱ्याच्या पावसात, म्हणजे बाहेरची पश्चिमेची भिंत किंवा खिडकीवरचा छज्जा. तुम्ही गच्चीवर सोनं ओतलंत तरी हा ओघळ तसाच येणार, आणि मग कॉन्ट्रॅक्टरशी भांडण.

हे पक्कं करायला पाणी तुंबवून टेस्ट करा. दोन्ही पाईपांची तोंडं बंद करा, सिमेंट-वाळूचे तीन-चार इंची बांध घालून गच्चीचे तीन भाग करा: पश्चिमेची कड, मधला भाग, जिन्याची बाजू. उंच भागावर दोन इंच पाणी उभं राहील एवढं भरा. वजनाची काळजी नको, दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो, आणि गच्चीचा स्लॅब डिझाईन करताना माणसांच्या वावरासाठी साधारण दीडशे किलो धरलेले असतात. बहात्तर तास ठेवा, रोज सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन छताचा फोटो काढा.

आणि एक युक्ती. प्रत्येक भागात पाण्याच्या पातळीची कठड्यावर पेन्सिलीने रेघ मारा, आणि शेजारी उन्हातच एक बादली पाणी ठेवून तिच्यावरही रेघ मारा. मार्चच्या उन्हात पाणी तसंही उडून जातं, दिवसाला अर्धा सेंटिमीटर वगैरे. बादलीतलं जेवढं उतरलं तेवढंच गच्चीवरचं उतरलं तर ते उन्हाने नेलं. त्याहून जास्त उतरलं तर स्लॅबने प्यायलं.

रोहन_पर्वरी · १२ मार्च

मास्तर, मान्य सगळं, पण टेस्टच्या भानगडीत एप्रिल निघून जाईल. एकदा वरून अखंड रबरी थर बसला की पाणी कुठून शिरत होतं याला काय अर्थ?

गवंडीपुत्र · १३ मार्च

रोहन भाऊ, थर अखंड असतो तो गच्चीच्या मध्यावर. फाटतो तो कडेला, पाईपाच्या तोंडाशी, टाकीच्या ओट्याखाली जिथे रोलर जात नाही. माझे वडील गवंडी, मी त्यांच्याबरोबर लहानपणापासून, गळकी गच्ची उघडली की दहातल्या आठ वेळा दोष कडेलाच सापडतो.

एक मात्र मास्तरांना विचारतो. हे लोक सगळा जुना कोबा फोडा म्हणतील, त्याला माझा विरोध. ब्रेकर लावला की स्लॅब हादरतो, खालचं प्लास्टर सुटतं. हातोडीने ठोकून बघा, टणटण वाजतो तो कोबा चांगला, बदबद वाजतो तेवढाच फोडा. आणि जुन्यावर परत नवा विटांचा कोबा कोणी घालतो म्हणाला तर हात जोडून घरी पाठवा, चौरस मीटरला अजून दोनशे किलो चढतात. माणसांसाठी धरलेला भार दीडशे, मास्तरांनी सांगितलाच.

ढाळ_मास्तर · १३ मार्च

वजनाचं शंभर टक्के बरोबर. फोडण्याबद्दल मात्र माझं थोडं वेगळं आहे, कोबा टणटण वाजतो म्हणून कोरडा असतो असं नाही. पण आधी टेस्ट होऊ दे.

शलाका_ढवळी · २४ मार्च

टेस्ट झाली! टँकर मागवावा लागला, सासरे म्हणाले लोक पाण्यासाठी रडतात आणि तुम्ही गच्चीवर तळं करता. असो.

मधला भाग बादलीबरोबर उतरला, खाली छत एकदम कोरडं. पश्चिमेची कड बादलीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेडरूमच्या कोपऱ्यात तोच लांब पट्टा, हात लावला तर गार ओला. जिन्याच्या बाजूला पातळीत काही फरक कळला नाही पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तपकिरी डागाची कड गडद झाली. हॉलच्या खिडकीवर काहीच नाही, ठणठणीत.

म्हणजे मास्तर जिंकले. सुदेशदादा, सासऱ्यांना तुमची खांबाखालची ओल वाचून दाखवली, ते गप्प आहेत सध्या.

सुदेश_मांद्रे · २४ मार्च

अहो पण पत्र्याने बाकी सगळी गच्ची वाचली ना! खांब कोब्यात न ठोकता कठड्यावर किंवा काँक्रीटच्या छोट्या ओट्यावर उभे करायचे, एवढंच.

ढाळ_मास्तर · २५ मार्च

सुदेशराव, पत्र्याला मी वाईट म्हणत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे स्लॅबवर छप्पर ही अक्कलेचीच गोष्ट आहे. पण शलाकाताईंची तिसरी जागा पत्र्यानेही सुटणार नाही, आणि बाजूने झोडपणारा पाऊस कठड्याच्या वाट्यावर पडतच राहील.

आता काम कसं करून घ्यायचं ते सांगतो. पश्चिमेच्या कठड्यालगत एक-दीड फूट रुंद पट्टा कोबा स्लॅबपर्यंत फोडा, ब्रेकर नको, छिन्नी-हातोडी. खाली कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात भेग दिसेल, बहुधा दिसेलच. ती व्ही आकारात उकरून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरायची, तिथेच वाटा काढायचा, सात दिवस पाणी मारायचं. कोटिंग कठड्यावर किमान एक फूट वर चढवायचं आणि त्याचं टोक प्लास्टरमध्ये खाच करून आत घ्यायचं. नुसतं भिंतीवर रंगासारखं संपवलं तर दोन वर्षांत कडेने सुटतं आणि पाणी त्याच्या पाठीमागून उतरतं.

पाईपाचं तोंड खाली बसवून घ्या, आत्ता ते भोवतालच्या कोब्यापेक्षा वर असणार म्हणून डबकं. ढाळ शंभराला एक तरी हवा, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच. कोटिंग पाईपाच्या तोंडात आतपर्यंत वळवायचं.

सळ्यांचं आधी घरात ठरवा. मजला चढवायचा नसेल तर भोवतीचं काँक्रीट दोन इंच खोल उकरून सळ्या आतच कापा, गंज घासून झिंक प्रायमर मारा, मॉर्टरने बुजवा. चढवायचा असेल तर सळ्या घासून तिथे फूटभर उंचीचा काँक्रीटचा ठोकळा ओता आणि त्याच्या बुडालाही वाटा काढा. वर राहणाऱ्या टोकांनासुद्धा प्रायमर आणि झाकण हवं.

एवढं झाल्यावर मग वर काय मारायचं हा प्रश्न, आणि तो तुलनेने सोपा आहे.

रोहन_पर्वरी · २५ मार्च

मग पीयूच ना शेवटी?

ढाळ_मास्तर · २५ मार्च

पीयू चांगलंच आहे, पण ते दोन दिवसांच्या उन्हाचं सोडा. वरचा पापुद्रा दोन दिवसांत वाळतो, कोब्याच्या पोटातलं पाणी नाही. ओल आत ठेवून वरून पीयूने तोंड शिवलंत की मे महिन्याच्या उन्हात त्या ओलीची वाफ होते आणि कोटिंगला पुरीसारखे फुगे येतात. चप्पल पडली की फुटतात. तुमच्या ऑफिसचं टिकलं कारण ते बहुधा कोरड्या, नव्या स्लॅबवर मारलंय.

तपासायचं असेल तर रात्री मीटरभर जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेप लावून गच्चीवर चिकटवा, दुसऱ्या दिवशी दुपारी उचला. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर पीयू नाही. ताईंनी आत्ताच तळं केलंय, म्हणजे दोन-तीन आठवडे तरी थांबणं आलं. सिमेंट-पॉलिमरवाल्या कोटिंगला उलट पृष्ठभाग जरासा दमटच लागतो. माझा कौल दुसऱ्या माणसाला, ते ताईंच्या गच्चीची परिस्थिती बघून. वरून पातळ कोबा येतो त्यामुळे उन्हापासून, चालण्यापासून पण वाचतं.

अ‍ॅक्रिलिक उभ्या भिंतीला झकास. साचलेल्या पाण्यात मऊ पडतं.

नमिता_र · २६ मार्च

शलाकाने मला त्या दहा वर्षांच्या वॉरंटीचा फोटो पाठवला, तिच्या परवानगीने मजकूर सांगते. वर मोठ्या अक्षरात "१० वर्षे". खाली बारीक अक्षरात, वॉरंटी फक्त मालाच्या दोषाची, मजुरी ग्राहकाची. पाणी साचल्यामुळे, स्लॅबच्या हालचालीमुळे, भेगांमुळे किंवा छिद्र पाडल्यामुळे झालेली गळती धरली जाणार नाही. दरवर्षी अधिकृत ॲप्लिकेटरकडून तपासणी करून घेतल्याची पावती हवी. आणि भरपाई म्हणजे गेलेल्या वर्षांच्या प्रमाणात कमी होत जाणारी मालाची किंमत.

आता बघा, हिच्या गच्चीवर डबकं आहे आणि हा माणूस ढाळ बदलणारच नाहीये. म्हणजे वॉरंटी पहिल्या पावसालाच गेली, दहा वर्षं कागदावर.

डब्याची कंपनी जी वॉरंटी देते ती वेगळी आणि काम करणारा जी देतो ती वेगळी. गळती बहुतेक वेळा कामाची असते, मालाची नसते. माझ्या आईच्या घरी म्हापशाला हेच झालं, कंपनीचा माणूस आला, नमुना कापून नेला, माल उत्तम आहे म्हणाला, आणि ज्याने मारलं होतं त्याचा नंबर बंद. त्यामुळे काम करणाऱ्याकडून त्याच्या सहीशिक्क्याने वेगळा कागद घ्या. त्यात लिहा की गळती आली तर मजुरी आणि माल दोन्ही त्याचे, कळवल्यापासून किती दिवसांत येणार, आणि कुठल्या जागा या कामात धरल्यात. हॉलची खिडकी धरलेली नाही हेही लिहा, दोघांनाही बरं. पक्कं जीएसटी बिल घ्या, कच्च्या चिठ्ठीवर ग्राहक आयोगात उभं राहायला फार त्रास होतो. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, तीही नुसत्या फोनाफोनीत संपवू नका.

पैसे शेवटचे पंधरा-वीस टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायचे. नाही म्हणाला तर निदान चवथीपर्यंत.

गवंडीपुत्र · २६ मार्च

पैसे राखून ठेवायचं मला जरा अति वाटतं हो. छोटा माणूस माल उधारीवर उचलतो, चवथीपर्यंत त्याने काय खायचं? दहा टक्के ठीक.

आणि वॉरंटीपेक्षा एक सोपी गोष्ट सांगतो, डबे मोजा. कंपनीच्या माहितीपत्रकावर चौरस मीटरला किती किलो लागतं ते छापलेलं असतं. समजा पीयूला दोन हातांत मिळून दीड किलो लिहिलंय. नऊशे चौरस फूट म्हणजे ८४ चौरस मीटर, म्हणजे सव्वाशे किलो, वीस किलोचे सहा डबे संपून सातवा फुटायला पाहिजे. तीन डब्यांत गच्ची पांढरी दिसेल पण ते वॉटरप्रूफिंग नव्हे, रंगकाम. मोकळे डबे काम संपेपर्यंत घराच्या मागे ठेवायला सांगा आणि सील तुमच्यासमोर फोडायला लावा.

शलाका_ढवळी · २८ मार्च

हे भारी आहे. पीयूवाल्याला सहज विचारलं किती डबे लागतील, तो म्हणाला "चार पुरे, आम्ही पातळ करून मारतो, आत मुरतं."

दुसऱ्या माणसाला होकार कळवलाय. तो वीस टक्क्यांना तयार नव्हता, पंधरावर आला. पण तो म्हणतो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करतो, आधी माणसं नाहीत. उशीर तर नाही ना होणार?

ढाळ_मास्तर · २९ मार्च

चालेल, पण त्याहून पुढे ढकलू देऊ नका. उलटं मोजा. मे महिन्याच्या मध्यापासून कधीही वळीव येतो. त्याआधी दुसरी पाणी-टेस्ट व्हायला हवी, आणि टेस्टीत काही निघालं तर दुरुस्तीला आठवडा हवा. टेस्टीच्या आधी कोटिंग मुरायला आठवडा, त्याच्या आधी वाट्यावर सात दिवस पाणी, त्याच्या आधी फोडाफोडी. म्हणजे फोडणं एप्रिलच्या मध्यापर्यंत झालंच पाहिजे. मे महिन्यात सगळ्यांनाच जाग येते, मजूर अर्धे गावाला गेलेले असतात आणि जो मोकळा सापडतो तो का मोकळा आहे याचा विचार करावा.

कोटिंग सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर. दुपारी गच्ची तापलेली असते, माल रोलरखालीच सुकतो आणि बारीक भोकं राहतात.

माझ्या मते सगळ्यात चांगला मोसम जानेवारी-फेब्रुवारी, आणि निदान करायचा मोसम जुलै. जुलैत खडूने खुणा करून ठेवा, फोटोवर तारीख-वेळ असू द्या, फेब्रुवारीत काम करा. लोक बरोबर उलटं करतात.

ग्लेन_भाऊ · २ एप्रिल

बिल्डरला पत्र दिलं. माणूस पाठवतो म्हणाला. नमिताताई, देव बरें करूं. तो आला आणि अ‍ॅक्रिलिक मारतो म्हणाला तर मारू देऊ का?

नमिता_र · २ एप्रिल

काय मारतो ते त्याचं डोकं, तुम्ही फक्त आधी आणि नंतर पाणी तुंबवून टेस्ट लेखी मागा.

शलाका_ढवळी · १४ मे

अपडेट. पश्चिमेचा पट्टा फोडला तेव्हा कठड्याखाली सांध्यात अशी भेग की पोस्टकार्ड आत जावं, अकरा-बारा फूट लांब. आणि गंमत म्हणजे कोबा वरून खडखडीत, उन्हात तापलेला, आणि खालच्या विटा ओल्या, हाताने दाबल्या तर पाणी! सळ्या कापल्या, मजल्याचा विषय सासऱ्यांनीच संपवला. पाईपाचं तोंड दीड इंच खाली गेलं.

दुसरी टेस्ट ९ ते १२ मे, बेडरूम आणि जिना दोन्ही कोरडे. हॉलसाठी मास्तरांनी व्यनित सांगितलं तसं बाहेरून भिंतीवर होजपाईपने पाणी मारलं, आधी छज्ज्याच्या खाली अर्धा तास, काही नाही, मग छज्जा आणि भिंतीच्या सांध्यावर, वीस मिनिटांत आत ओघळ.

ढाळ_मास्तर · १४ मे

म्हणजे सापडलं. छज्ज्यावर पण ढाळ बाहेरच्या बाजूला आहे का बघा, भिंतीकडे असला तर नुसतं सिलंट भरून जेमतेम वर्षभरच टिकेल.

आणि गवंडीपुत्र, विटांतलं पाणी वाचलंत ना? मधला कोबा वरून टणटण वाजत होता. त्याच्याही पोटात असंच असेल तर ते आता दोन्ही बाजूंनी कोंडलंय. मी असतो तर सगळा काढला असता.

गवंडीपुत्र · १५ मे

वाचलं. पण मास्तर, मधल्या भागाखालचं छत दोन्ही टेस्टीत कोरडं निघालं. जे गळत नाही ते वजनदार असलं तरी फोडायचं कशाला? कडेचं पाणी कडेलाच होतं असं मी धरतो.

ढाळ_मास्तर · १५ मे

कडेचं पाणी कडेला राहायला त्याला कोणी सांगितलंय? ढाळ पश्चिमेकडे आहे म्हणून तिकडे जास्त साठलं, एवढंच. मधे एक वीतभर चौकोन उघडून बघायला हवा होता.

शलाका_ढवळी · १५ मे

तुमचं दोघांचं पटलं की सांगा, कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर तो म्हणतो "जुलैत बघू". कागदावर मी मधल्या भागाला फुगे किंवा ओल आली तर तेही त्याच्याकडे असं हाताने लिहून घेतलंय, सही केली त्याने, जरा तोंड वाकडं करून. छज्ज्याचा ढाळ उद्या पाणी ओतून बघते. तिथे काम करायला माणूस मात्र कोणी सुचवा, हा म्हणतो परांची बांधून एवढ्याशा कामाला मी येत नाही.

सुदेश_मांद्रे · १५ मे

परांची कशाला, खिडकीतून शिडी काढून होईल. फोंड्यातला माणूस आहे एक, व्यनि करतो. माझ्या खांबाखाली काय करायचं तेवढं मास्तर सांगा आता, प्लेट काढली तर पत्रा उतरवावा लागेल का?